झाडाचा घेर आणि उशांचे अभ्रे: पोरी, कात्री लावण्याआधी

पोरी, नाताळाआधी बैठकीची खोली नवी दिसावी म्हणून पडदे, सोफा काही बदलू नकोस. झाडाच्या बुंध्याशी एक गोल घेर आणि त्याच कापडाचे चार अभ्रे एवढ्यानं खोली बदलते. कुरुदहून सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात जा आणि 44 इंच पन्ह्याचं साधं सुती कापड तीन मीटर घे. नक्षी बारीक आणि सगळीकडे सारखी असू दे. घेर चारी बाजूंनी दिसतो, त्यामुळे मोठी उभी चित्रं अर्ध्या बाजूला उलटी पडतात. अस्तराला जुनी सुती साडी आहेच, त्यासाठी वेगळा पैसा घालू नकोस.

लाल कापड असेल तर दुकानातच पांढऱ्या रुमालाचं ओलं टोक त्यावर घासून बघ. रुमाल गुलाबी झाला तर ते कापड सोड. फिका सोफा आणि पांढरं अस्तर दोन्ही खराब होतील. घरी आणलं की आधी भिजव, वाळव, इस्त्री कर. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवल्यावर आटलं तर अभ्रे उशांना तोकडे पडतात. मग काठाला छोटी चीर देऊन कापड आडवं फाड. फाटतं ते धाग्याला धरूनच, त्यामुळे कडा सरळ मिळते.

पहिला घेर काप. तो चुकला तर त्या कापडातून एखादा अभ्रा निघतो. अभ्र्यांच्या तुकड्यांतून घेर निघत नाही. 40 इंचांचा चौकोन चौपदरी दुमड. दुमडीचा जो कोपरा कापडाच्या मधोमध येतो, तिथे टाचणीला दोरा बांध, दुसऱ्या टोकाला खडू, आणि 20 इंचांवर कमान ओढ. त्याच कोपऱ्यापासून एका इंचावर छोटी कमान ओढ, ते बुंध्याचं भोक. अर्ध्या इंचाची माया शिलाईत गेली की भोक मोठं होतं, तीन इंच रुंद. प्लास्टिकच्या झाडाच्या दांड्याला ते पुरतं. तुमच्याकडे कुंडीतलं अरोकेरिया असेल, तर कुंडीचा वरचा व्यास मोज, त्याच्या निम्म्यातून अर्धा इंच वजा कर आणि तेवढ्यावर कमान ओढ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भोकापासून काठापर्यंतची चीर उभ्या धाग्यावरच पाड. तिरक्या धाग्यावर पाडलीस तर ती कडा ताणून लांब होते आणि दोन टोकं कधीच जुळत नाहीत. गोलाच्या काठालाही चार ठिकाणी तिरका धागा येतो. म्हणून कापल्याबरोबर, हाताळायच्या आधी, काठापासून पाव इंचावर एक साधी टीप मारून ठेव. जमिनीवर पसरल्यावर काठ लाटेसारखा उठला तर समज की तो ताणलाय. ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री दाब, बराचसा बसतो.

अस्तर त्याच मापाचं काप. सुलट्या बाजू समोरासमोर ठेव आणि चिरेच्या दोन्ही कडांना समोरासमोर तीन-तीन नाड्या आत तोंड करून टाचून घे. उरलेल्या पट्टीच्या नाड्या होतात. सगळीकडून अर्ध्या इंचावर शिव, फक्त चिरेच्या एका सरळ कडेवर सहा इंच मोकळे सोड. गोल काठावर मोकळं सोडशील तर तिथे हातशिलाई कायम दिसेल. भोकाच्या मायेला दर अर्ध्या इंचाला कातरे दे, पण टिपेपर्यंत पोचू देऊ नकोस. कातरे न दिल्यास उलटवल्यावर भोकाभोवती सुरकुत्या राहतात. मग उलटव, इस्त्री कर, उरलेलं हातानं शिव.

अभ्र्यांना चेन नको. 16 इंची उशीला पन्ह्यात आडवी 40 इंच आणि उभी 17 इंच अशी पट्टी घे. दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिव, उरले 38. त्यातले 32 पुढच्या-मागच्या बाजूला जातात आणि सहा इंच एकमेकांवर चढतात. चढ चार इंचांखाली गेला तर भरलेली उशी मागून तोंड उघडते. कापडाची सुलटी बाजू वर ठेवून टोकं मध्याकडे दुमड, वर-खाली अर्ध्या इंचावर टीप मार आणि चढ जिथे सुरू होतो तिथे टीप मागे-पुढे फिरव, कारण अभ्रा पहिला तिथेच उसवतो. जुनी, चपटी झालेली उशी असेल तर उभं माप 16 च धर, म्हणजे ती भरल्यासारखी दिसते. असे चार अभ्रे 68 इंचांत होतात, घेराचे 40 धरून 108. तीन मीटर म्हणजे 118 इंच, म्हणून आटलेलं धरूनही पुरतं.

मांडताना दिव्यांच्या माळेचा अडॅप्टर घेराखाली ढकलू नकोस, त्याला वारा लागला पाहिजे. कुंडीचं झाड असेल तर पाणी घालण्याआधी घेर सोडून ठेव; म्हणूनच मागं नाड्या दिल्यात.