पीटीएच जास्त आलं? आधी कॅल्शियम पाहा

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पीटीएचसमोर 'जास्त' छापून आलं की पोटात गोळा येतो. पण हा एकटा आकडा काहीच ठरवत नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढतं आणि लघवीवाटे फॉस्फेट बाहेर टाकतं. कॅल्शियम पुरेसं झालं की ग्रंथींनी थांबायला हवं.

आता दोन मोठ्या माणसांचे रिपोर्ट शेजारी ठेवू (आकडे समजण्यापुरते घेतलेत). दोघांचं पीटीएच 120, वरची मर्यादा साधारण 65. फॉस्फेट दोघांचं कमी, 2.3. ड जीवनसत्त्वही दोघांचं कमी, 12. फरक फक्त कॅल्शियममध्ये: पहिल्याचं 8.3, दुसऱ्याचं 11.2. पहिल्याच्या ग्रंथी ठीकच आहेत. 'ड' नसल्याने आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, म्हणून त्या धडपडताहेत. दुसऱ्याकडे कॅल्शियम भरपूर असूनही ग्रंथी थांबत नाहीत. हा बहुतेक वेळा हायपरपॅराथायरॉइडिझम. 'ड' कमी आहे खरं, पण त्या कमतरतेने कॅल्शियम वाढत नाही. म्हणून नुसत्या 'ड'च्या गोळ्यांवर भागणार नाही.

कॅल्शियम 10.2 असं काठावर असेल तर? 'ड'ची कमतरता खरा आकडा झाकत असू शकते. डॉक्टर ती भरून काढून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. पीटीएच उतरलं तर प्रश्न 'ड'चा होता, कॅल्शियम चढलं तर ग्रंथीचा. आणि फॉस्फेट कमी नसून जास्त असेल, तर आधी क्रिएटिनिन बघायचं, कारण तिथे मूत्रपिंडाची शंका येते.