पाहुण्यांना वाट सांगताना

शुक्रवारी नगमाच्या आपाचा निकाह होता. अब्बांचे नाशिकचे मित्र, पाटील काका, आपल्या वृद्ध आईला घेऊन येणार होते. ते प्रथमच मालेगावला येत होते. त्यांनी घराचा रस्ता विचारला. भाईजानने वहीच्या कागदावर नकाशा काढला, मोबाइलवर त्याचा फोटो घेतला आणि काकांना पाठवला.

थोड्या वेळाने काकांचा निरोप आला, "नकाशा छान आहे, पण त्यावरची नावे उर्दूत आहेत. मला उर्दू वाचता येत नाही. कोणी मराठीत लिहून पाठवेल का?"

अब्बा म्हणाले, "नगमा, तू शाळेत मराठी शिकतेस. हे काम तुझे."

नगमाने फोटो समोर ठेवला आणि लिहिले : 'टाकीपासून सरळ या. कारखान्याजवळ डावीकडे वळा. मग खाली या. उजवीकडे आमचे घर आहे.'

अब्बांनी ते वाचले. ते म्हणाले, "बेटी, ज्याला आपले घर माहीत आहे, त्यालाच हे समजेल. चल, फोटो घे. आपण टाकीपासून चालत येऊ."

दोघे पाण्याच्या उंच टाकीपाशी गेले. अब्बांनी विचारले, "कारखाना कुठे दिसतो?"

नगमाने पाहिले. एक कारखाना समोरच होता. थोडे पुढे दुसरा, त्याच्या पुढे तिसरा. मालेगावात यंत्रमागांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. काका कोणत्या कारखान्याजवळ वळणार?

"मी लिहीन, जिथे मागांचा मोठा खडखडाट ऐकू येतो तिथे वळा," नगमा म्हणाली.

"आणि काका कोणत्या दिवशी येणार?"

नगमा हसली. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी खडखडाट ऐकूच येणार नव्हता.

"मग दारापुढच्या मांडवाची खूण सांगू?"

"लग्नसराई आहे. आणखी कोणाच्या दारातही मांडव असू शकतो. खूण अशी हवी की ती रोज तिथेच असेल, लांबून दिसेल आणि तशी दुसरी जवळपास नसेल. शिवाय काकांना उर्दू पाट्या वाचता येणार नाहीत. म्हणून दुकानाच्या नावापेक्षा डोळ्यांना दिसणारी वस्तू सांग."

चालताना नगमाच्या लक्षात आले, की डाव्या हाताला शाळेची पिवळी भिंत सतत सोबत आहे. ती संपते तिथेच डावीकडे वळायचे होते. भाईजानने ही भिंत नकाशात काढलीच नव्हती. रोज दिसते म्हणून ती त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

वळल्यावर काही अंतरावर कडुनिंबाचे झाड आले. त्याला दगडी पार होता. तिथून पुन्हा वळायचे होते. नगमाने फोटो पाहिला. तिथे रेघ कागदावर खाली उतरत होती आणि रेघेच्या उजव्या बाजूला घर होते. ती गल्लीत शिरली. घर तर डाव्या हाताला होते!

"अब्बा, भाईजानचा नकाशा चुकला!"

"नकाशा बरोबर आहे. आता तू ज्या दिशेला चालली आहेस, ती दिशा कागदावर वरच्या बाजूला येईल असा मोबाइल फिरव."

पण मोबाइल फिरवला तसे चित्रही आपोआप फिरले आणि पुन्हा पहिल्यासारखे झाले. तेव्हा अब्बांनी घरातून मूळ कागद आणला. नगमाने तो उलटा धरला. आता घर डावीकडे आले.

अब्बा म्हणाले, "माणूस कागदावर वरच्या दिशेने जात असेल, तर कागदाची उजवी बाजू ही त्याचीही उजवी बाजू असते. तो खालच्या दिशेने येऊ लागला, की त्याची डावी-उजवी बदलते. म्हणून वाट लिहिताना कागदाकडे बघून लिहू नये. मनाने त्या रस्त्यावर उभे राहून लिहावे. 'वर' आणि 'खाली' हे शब्द तर लिहूच नयेत. रस्त्यावर वर-खाली नसते."

आणखी एक गोष्ट नगमाने पाहिली. फोटोत पहिला रस्ता आणि शेवटची गल्ली सारख्याच लांबीची दिसत होती. अब्बांनी पावले मोजली. पहिल्या रस्त्यावर २०० पावले झाली, शेवटच्या गल्लीत फक्त ४०. कागदाला जेवढी जागा होती, तेवढी लांब रेघ भाईजानने ओढली होती. नगमाची पावले लहान, म्हणून तिने अब्बांची पावले लिहून घेतली.

घरी येऊन तिने पुन्हा लिहिले :

'आदरणीय काका, सलाम.
१. बसस्थानकावरून रिक्षा करा. चौकातल्या पाण्याच्या उंच टाकीजवळ या.
२. टाकी मागे ठेवून सरळ या. शाळेची पिवळी भिंत तुमच्या डाव्या हाताला राहील. सुमारे २०० पावलांवर ती संपते. रिक्षा इथपर्यंत येते. आजींना टाकीपाशी उतरवू नका.
३. भिंत संपताच डावीकडे वळा. गल्लीच्या तोंडाशी गटारावर फरशी आहे. आजींचा हात धरा.
४. सुमारे ८० पावलांवर दगडी पाराचा कडुनिंब आहे. त्याच्या अलीकडून डावीकडे वळा. मशिदीचे फाटक आले, तर तुम्ही पुढे गेलात. मागे फिरा.
५. सुमारे ४० पावलांवर डाव्या हाताला आमचे घर आहे. बाहेरून लोखंडी जिना आहे आणि दारापुढे हातपंप आहे.'

"आता परीक्षा," अब्बा म्हणाले. दुसऱ्या मोहल्ल्यातला नगमाचा आतेभाऊ नुकताच आला होता. तो नेहमी मागच्या रस्त्याने यायचा. ही वाट त्याला ठाऊक नव्हती. अब्बांनी त्याला टाकीपाशी नेले, हातात फक्त तो कागद दिला आणि ते त्याच्या मागे गप्प चालत राहिले.

आतेभाऊ भिंतीच्या टोकापर्यंत नीट आला. पण कडुनिंबाजवळ थांबला. झाडाच्या अलीकडे एक गल्ली होती आणि पलीकडेही एक होती. "अलीकडे म्हणजे कोणती?" त्याने विचारले.

नगमाने त्या वाक्यात भर घातली : 'झाडापर्यंत पोहोचण्याआधी जी गल्ली येते, तिच्यात वळा.'

मग तिने वर्णन काकांना पाठवले. शेवटी अब्बांचा फोन नंबर लिहिला आणि एक ओळ जोडली : 'अंधार पडल्यावर आलात, तर भिंत संपते तिथे थांबून फोन करा. भाईजान घ्यायला येईल.'

शब्दार्थ
खूण – जागा ओळखण्यासाठी ध्यानात ठेवलेली वस्तू
पार – झाडाभोवती बांधलेला ओटा
अलीकडे – त्या जागी पोहोचण्याआधी
लग्नसराई – लग्नांचे दिवस

स्वाध्याय
१. मागांचा खडखडाट ही खूण नगमाला का सोडावी लागली?
२. नकाशात उजवीकडे असलेले घर नगमाच्या डाव्या हाताला कसे आले?
३. 'मशिदीचे फाटक आले, तर तुम्ही पुढे गेलात' या वाक्याचा पाहुण्यांना काय उपयोग?
४. नगमाच्या वर्णनावरून नकाशा काढा. शाळेची भिंत दाखवा.
५. तुमच्या घराची वाट पाच वाक्यांत लिहा. ती वाट माहीत नसलेल्या मित्राला ते वाचून चालू द्या. तो जिथे थांबेल, ते वाक्य सुधारा.