बारा खडू आणि इंग्रजीचा हट्ट

१. 'मोजता येतं ते काउंटेबल' हे वाक्य मी कित्येक वर्षं बिनधास्त फळ्यावर लिहिलं, आणि लिहायला जो हातात होता त्या खडूनंच ते खोटं पाडलं. चौथीचा वर्ग. टेबलावर पट्टी, डस्टर, पाण्याची बाटली, खडूंचा डबा. मुलांनी डबा उपडा करून मोजलं आणि एका सुरात म्हणाली, "ट्वेल्व्ह चॉक्स, बाई!" आता काय सांगू? मराठीतला खडू मोजता येतो. इंग्रजीतला चॉक म्हणजे तो पांढरा पदार्थ. मोजायचेच तर त्याचे तुकडे मोजा, ट्वेल्व्ह पीसेस ऑफ चॉक. म्हणजे गोम वस्तूत नव्हतीच, शब्दात होती. (रंगीत खडूंना इंग्रज 'चॉक्स'ही म्हणतात. ते मी चौथीत काढत नाही.)

२. शब्द काउंटेबल आहे का ते ठरवायला वस्तू मोडून बघायची युक्ती चांगली आहे, पण तिचा भरवसा धरू नये. खडू मोडला तरी दोन्ही हातांत चॉकच. पाणी दोन पेल्यांत ओतलं तरी वॉटरच. खुर्ची मोडली तर मात्र दोन खुर्च्या होत नाहीत; कोपऱ्यातली आमची तीनपायी खुर्ची त्याला साक्षीदार. मी खुशीत असतानाच एकानं पेन्सिल मोडली, दोन्ही तुकड्यांना टोक केलं आणि शांतपणे म्हणाला, "टू पेन्सिल्स." तेव्हापासून मोडून झालं की मी 's' कुठे बसतो ते शोधायला लावते. टू बॉटल्स ऑफ वॉटर, टू शीट्स ऑफ पेपर. 's' बाटलीला लागतो, पाण्याला नाही. हे मुलांना पटतं, कारण बाटली समोर असते.

३. मच आणि मेनी मुलांना का जमत नाही, म्हणून मी चिडायची. आपल्याकडे पाणी किती आणि पोरं किती, दोन्हीला एकच 'किती' पुरतो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

४. मराठी तरी सरळ आहे, हा माझा गैरसमज तांदळानं घालवला. पोषण आहाराचे मूठभर तांदूळ वर्गात आणले आणि सांगितलं, दाणे मोजता आले तरी इंग्रजीत राइस मोजत नाहीत. एक मुलगी म्हणाली, "पण बाई, आपण तांदूळ संपले म्हणतो आणि साखर संपली. असं का?" मला उत्तर येईना. शेजारचीनं दिलं : "तांदळाचा दाणा मोठा असतो, दिसतो." पोहे संपले, मीठ संपलं, रवा संपला. सगळं बसत गेलं. मीसुद्धा मान डोलावली. तेवढ्यात खिचडी करणाऱ्या मावशी दारात आल्या, "बाई, तूरडाळ संपलीय."

वर्ग उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघायला लागला.