पडद्यावरील अनाहूत तारका : मार्कडाउन मजकूर आणि मराठी लेखन

बेळगाव-निपाणी भागात मराठी शिकवताना, शाळा-महाविद्यालयांच्या सूचना, शब्दसंकलनाचे अर्ज, चर्चासत्रांची निमंत्रणे असा बराच मजकूर आता मोबाइलच्या पडद्यावरच माझ्यापर्यंत येतो. त्यात अलीकडे एक गोष्ट वारंवार दिसते. शब्दांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका असतात आणि शीर्षकाच्या आधी हॅशचे चिन्ह असते. वाचणारा गोंधळतो. मराठी वाचकाला तारका ठाऊक आहे ती तळटीपेची खूण म्हणून. त्यामुळे तो पानाच्या तळाशी टीप शोधतो, आणि टीप तर नसते. मग बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो : फाँट बिघडला असावा. हा निष्कर्ष चुकीचा का आहे, या तारका खरोखर कोठून येतात आणि मराठी लिहिणाऱ्याने त्यांच्याबाबत कोणती काळजी घ्यावी, एवढेच प्रस्तुत लेखात सांगायचे आहे.

प्रथम फाँटचा संशय दूर करू. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण जे मराठी फाँट वापरत होतो, त्यांत मराठी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला, की सगळा मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांत दिसे. युनिकोड मजकुराची सांकेतिक पद्धत चुकीची लावली गेली, तरीही मराठी अक्षरेच मोडतात. तारका आणि हॅश ही चिन्हे मात्र अशा वेळी सहसा शाबूत राहतात, कारण ती अगदी मूळच्या, सर्व पद्धतींना समान असलेल्या चिन्हसंचातली आहेत. यावरून एक साधी कसोटी मिळते. अक्षरे मोडली असतील, तर दोष फाँटचा किंवा सांकेतिक पद्धतीचा. अक्षरे स्वच्छ असून फक्त चिन्हे आगंतुक वाटत असतील, तर फाँट बदलून काहीही साधणार नाही. ती चिन्हे कोणीतरी मजकुरात लिहिलेलीच आहेत.

ती लिहिली जातात मार्कडाउन या लेखनपद्धतीत. अमेरिकी लेखक जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्या घडणीत ॲरन स्वार्ट्झ यांचाही सहभाग होता. साध्या ई-मेलमध्ये ठळक अक्षरांची सोय नसे, म्हणून लोक शब्दाभोवती तारका घालून जोर दाखवत. ग्रुबर यांनी अशाच सवयींना नियमांचे रूप दिले. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन तारका म्हणजे ठळक, एकेक तारका म्हणजे तिरपे, ओळीच्या आरंभी हॅश आणि त्यापुढे मोकळी जागा म्हणजे शीर्षक. उदाहरणासाठी मी एक छोटी सूचना तयार केली आहे :

```
# बोली-संकलन : सूचना

नोंदवह्या **शनिवारी** जमा कराव्यात.
```

ही सूचना वाचकापर्यंत जाताना तीन टप्पे येतात : लिहिणे, रूपांतर करणे आणि दाखवणे. मधल्या टप्प्यावरचा प्रोग्रॅम चिन्हे वाचतो, त्यांचा अर्थ लावतो आणि ती काढून त्यांच्या जागी वेबपानाला समजणाऱ्या खुणा घालतो :

```
<h1>बोली-संकलन : सूचना</h1>
<p>नोंदवह्या <strong>शनिवारी</strong> जमा कराव्यात.</p>
```

या खुणा ब्राउझरला कळतात. तो शीर्षक मोठे आणि ‘शनिवारी’ हा शब्द ठळक दाखवतो. मधला टप्पाच गळाला, तर मूळ मजकूर जसाच्या तसा पडद्यावर येतो. एसएमएस, साध्या मजकुराचा ई-मेल, सूचनाफलकावरची विजेची पाटी, एखाद्या ॲपमधली साधी चौकट या ठिकाणी मिळालेले प्रत्येक चिन्ह दाखवायचे, एवढेच काम असते. त्यांच्या लेखी तारका हेही इतरांसारखे एक अक्षरच. म्हणजे तारका वाटेत कोठे शिरलेल्या नसतात. त्या काढणारा वाटेत कोणी भेटलेला नसतो.

एकच ई-मेल एकाला नीट आणि दुसऱ्याला तारकांसह का दिसतो, याचेही उत्तर इथेच आहे. ई-मेलमध्ये बहुधा एकाच पत्राच्या दोन प्रती एकत्र पाठवल्या जातात आणि प्रत्येकीवर तिचा प्रकार लिहिलेला असतो :

```
Content-Type: text/plain; charset=utf-8
Content-Type: text/html; charset=utf-8
```

पाठवणाऱ्या यंत्रणेने दुसऱ्या प्रतीसाठी रूपांतर केले आणि पहिलीत कच्चा मार्कडाउन तसाच ठेवला, तर जो साधी प्रत वाचतो त्यालाच तारका दिसतात. पाठवणाऱ्याने स्वतःच्या पडद्यावर पाहून ‘माझ्याकडे तर ठीक दिसते’ म्हणणे म्हणूनच पुरेसे नसते.

आता खास आपल्या भाषांचा प्रश्न. कधी रूपांतर झालेले असते, शीर्षक नीट मोठे दिसते, इतर शब्द ठळक दिसतात आणि तरीही एका शब्दाभोवती तारका उरतात. ही ओळ पाहा :

```
**‘वखार’**ला तुमच्या गावात काय म्हणतात?
```

मार्कडाउनच्या वेगवेगळ्या प्रोग्रॅमांत एकवाक्यता यावी म्हणून २०१४ मध्ये कॉमनमार्क ही नियमावली पुढे आली. तारका जोर सुरू करते की संपवते, हे ती तारकेच्या मागच्या आणि पुढच्या चिन्हावरून ठरवते. शेवटच्या तारकांच्या लगेच आधी विरामचिन्ह असेल, तर त्यांच्यापुढे मोकळी जागा किंवा दुसरे विरामचिन्ह असावे लागते. इथे आधी अवतरणचिन्ह आहे आणि पुढे लागूनच ‘ला’ हा प्रत्यय. नियमानुसार या तारका जोर संपवू शकत नाहीत, म्हणून सुरुवातीच्याही निरुपयोगी ठरतात आणि चारही पडद्यावर राहतात. इंग्रजीत प्रत्ययाच्या जागी स्वतंत्र शब्द येतो, त्यामुळे तिथे ही अडचण क्वचितच जाणवते. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतो. कन्नडमध्येही ‘-गे’, ‘-अल्लि’ हे प्रत्यय तसेच चिकटतात. सीमाभागात दोन्ही भाषांत सूचना काढणाऱ्याला ही अडचण दोनदा भेटते.

उपाय सोपा आहे. तारका अवतरणचिन्हांच्या आत घ्याव्यात, किंवा प्रत्ययासह सगळा शब्द ठळक करावा :

```
‘**वखार**’ला
**‘वखार’ला**
```

अवतरणचिन्हे नसतील, तर `**वखार**ला` हेही नीट चालते, कारण तारकांच्या आधी अक्षर आहे. मात्र तारकांऐवजी अधोरेषा वापरून `__वखार__ला` असे लिहिले, तर ते चालत नाही. शब्दाच्या मध्येच अधोरेषेने जोर संपवायला कॉमनमार्क परवानगी देत नाही.

येथवर वाचून कोणालाही वाटेल, की पाठवण्यापूर्वी ‘शोधा आणि बदला’ या सोयीने सर्व तारका पुसून टाकाव्यात. भाषेच्या अभ्यासकाने हे करू नये. भाषाविज्ञानात वाक्यापूर्वीची तारका ‘हे रूप भाषेत ग्राह्य नाही’ असे सांगते, आणि ऐतिहासिक व्याकरणात ‘हे रूप लिखित पुराव्यात सापडत नाही, अनुमानाने मांडले आहे’ असे. आपल्या भागात मराठी-कन्नड संपर्काचा अभ्यास करणाऱ्याला ही तारका सतत लागते. गम्पर्झ आणि विल्सन यांचा सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या भाषांवरील निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या पट्ट्यातील लिंग-वचनाची रूपे हा चर्चेचा विषय राहिला आहे. समजा, विद्यार्थ्याने प्रमाण मराठीच्या संदर्भात ‘*ती आला’ असे नोंदवले. तारका पुसली, की अग्राह्य म्हणून दिलेले वाक्य ग्राह्य म्हणून छापले जाते. उलट, साध्या पडद्यावर कच्च्या मार्कडाउनच्या तारका उरल्या, तर जोर दिलेले निर्दोष रूपच वाचकाला अग्राह्य वाटू शकते. शिवाय तारकेनंतर मोकळी जागा सोडून ओळीच्या आरंभी `* ती आला` असे लिहिले, तर मार्कडाउन त्या तारकेला यादीचा ठिपका समजतो आणि तारका नाहीशी होते. खरी तारका टिकवायची असेल, तर तिच्यापूर्वी उलटी तिरकी रेघ द्यावी :

```
\*ती आला
```

ही रेघ रूपांतरात निघून जाते आणि तारका शिल्लक राहते.

तेव्हा पुसण्याऐवजी रूपांतर करावे, फक्त ते साध्या मजकुरात. पँडॉक हा मोफत प्रोग्रॅम हे काम एका आज्ञेत करतो :

```
pandoc -f commonmark -t plain suchana.md -o suchana.txt
```

यातून शीर्षकाचा हॅश जातो, ‘शनिवारी’ भोवतीच्या तारका जातात आणि ‘ती आला’ पूर्वीची तारका राहते. पण `**‘वखार’**ला` मधल्या तारका मात्र इथेही राहतात, कारण हा प्रोग्रॅम तोच नियम पाळतो. ती दुरुस्ती मूळ मजकुरातच करायला हवी. व्हॉट्सॲपची गोष्ट आणखी निराळी. तिथे ठळक अक्षरांसाठी दोन्ही बाजूंना एकेकच तारका लागते आणि शीर्षकाच्या हॅशला अर्थ नसतो. त्यामुळे मार्कडाउन मजकूर तिथे चिकटवण्यापूर्वी हाताने तपासावा.

एसएमएसमध्ये तर तारकांची किंमत मोजता येते. देवनागरी मजकूर असला, की एका संदेशात ७० चिन्हे मावतात. काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी मोजली जात असल्याने ‘शनिवारी’ या शब्दाची ७ चिन्हे होतात. चार तारकांसह ती ११ होतात, आणि त्या चार तारका वाचकाला काहीच सांगत नाहीत.

रूपांतरानंतर एक प्रश्न उरतो. तारकांबरोबर जोरही गेला, त्याचे काय? इंग्रजी लिहिणारा अशा वेळी मोठ्या लिपीतली अक्षरे वापरतो. देवनागरीत ती सोय नाही, पण मराठीत जोर दाखवण्यासाठी शब्दच आहेत. ‘नोंदवह्या शनिवारीच जमा कराव्यात’ असे लिहिले, की ‘च’ तारकांचे काम करतो आणि कोणत्याही पडद्यावर तसाच पोचतो. मात्र तो केवळ जोर देत नाही. ‘इतर दिवशी नाही’ असेही सांगतो. शुक्रवारी दिलेली नोंदवही चालणार असेल, तर ‘च’ घालू नये. ‘नोंदवह्या जमा करण्याचा शेवटचा दिवस : शनिवार’ असे लिहावे. ठळक अक्षरांत हा भेद झाकून राहतो. साध्या मजकुरात तो लिहिणाऱ्यालाच ठरवावा लागतो.