दान, जकात व दशमांश : माप कोणते?

अभ्यासपाठ. वाचावयाचे उतारे : अनुवाद १४:२२-२९, १ करिंथ १६:१-२.

धर्मासाठी द्यावे, हे हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती तिघेही मानतात. भेद आहे तो मापाचा. किती द्यावे, कशावर मोजावे आणि घेणाऱ्याचा त्यावर हक्क आहे की नाही, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे तिघांची निरनिराळी आहेत.

१. दान. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काळ व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. तेथे रकमेचे माप नाही. देणाऱ्याचे मन हेच माप. त्यामुळे दान खुषीचे राहते. परंतु पात्र कोण, हेही देणाराच ठरवितो. पेशव्यांच्या काळी पुण्यास श्रावणात दक्षिणा वाटली जाई, ती ब्राह्मणांस. दुष्काळात होरपळलेल्या कुणब्याचा तिच्यावर हक्क नव्हता. पुढे १८२१ साली इंग्रज सरकारने त्या खर्चातील काही भाग पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. पात्र बदलले, ते देणारा बदलला म्हणून.

२. जकात. येथे माप ठरलेले आहे. साडेबावन्न तोळे चांदीच्या किंमतीइतकी शिल्लक एक चांद्रवर्ष ज्याच्याजवळ राहील, त्याने शेकडा अडीच द्यावे. राहते घर, नांगराचे बैल व कारागिराची हत्यारे हिशेबात येत नाहीत. हनफी मताप्रमाणे देणेही आधी वजा होते. ही रक्कम कोणास द्यावी, असे आठ वर्ग कुराणात सांगितले असून त्यांत गरीब व कर्जदार आहेत. पिकावरचे देणे निराळे असून त्यास 'उश्र' म्हणतात. पावसाच्या पिकाचा दहावा भाग द्यावा; श्रम वा खर्च करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा.

३. दशमांश. इस्राएलास भूमीचे उत्पन्न व गुरेमेंढरे ह्यांचा दहावा भाग द्यावयाचा होता. लेव्यांस वतनजमीन नव्हती, म्हणून त्यांचा निर्वाह त्यावर चाले. दर तिसऱ्या वर्षी तो भाग गावातच साठवून लेवी, परका, अनाथ व विधवा ह्यांनी तृप्त होईपर्यंत खावा, अशी आज्ञा होती. ध्यानात घ्या, दशमांश शेताच्या व कळपाच्या धन्यावर होता. ज्याला शेत नाही, कळप नाही, तो त्या उताऱ्यात घेणाऱ्यांच्या रांगेत आहे.

आता हिशेब करून पाहू. माणच्या कोरडवाहू शेतात एकास वीस क्विंटल ज्वारी झाली असे समजा. दशमांश दोन क्विंटल, उश्रही दोनच. कराडजवळील मलकापुराकडे दुसऱ्याने उपशाचे पाणी विकत घेऊन वीस क्विंटल गहू पिकविला. त्याचा दशमांश दोन क्विंटल, पण उश्र एकच. कारण पाणीपट्टीचा भार त्या नियमाने आधीच धरला आहे. तिसरा दुकानदार. त्याची एक लाख रुपयांची शिल्लक वर्षभर राहिली आणि त्या वर्षी त्यास मिळकत झाली नाही, तर मिळकतीवरचा दशमांश शून्य. जकात मात्र अडीच हजार. म्हणजे दशमांश येणाऱ्या धनास धरतो, जकात साठलेल्या धनास.

चौथा ऊसतोड मजूर. हंगामापूर्वी त्याने पन्नास हजारांची उचल घेतली. हाती रक्कम दिसते, म्हणून कोणी पाच हजार मागेल. पण उचल ही मिळकत नव्हे, अद्याप न केलेल्या कामावरील कर्ज होय. तिचा दशमांश घेणे म्हणजे कर्जातून अर्पण घेणे. जकातीच्या नियमाने अशा मनुष्यावर देणे नाही. ऋण फेडण्यास काही नसेल तर तोच घेण्यास पात्र. अनुवादाचा उतारा नीट वाचला, तर आपलाही निर्णय ह्याहून फार दूर जात नाही.

मग मजुराने काहीच देऊ नये काय? पौलाने करिंथकरांस भागाचा आकडा सांगितला नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे काढून ठेवावे असे सांगितले. ह्या मापाने मजुराची मूठभर ज्वारी पूर्ण अर्पण ठरते, आणि पाणभरत्या शेताच्या धन्यास दहाव्या भागावर थांबण्याची मुभा राहत नाही.

उपदेशकांनी अर्पणाची वही उघडून पाहावी. बागायतदाराचा आकडा वर्षानुवर्षे तोच राहिला आणि मजुराचा मात्र उचलीच्या महिन्यात वाढला, तर माप चुकले आहे असे समजावे.

प्रश्न : (१) तिसऱ्या वर्षाचा दशमांश कोणासाठी होता? (२) पाण्याच्या पिकावर उश्र निम्मा का? (३) आपल्या मंडळीच्या अर्पणातून विधवा व अनाथ ह्यांस गेल्या वर्षी किती पोहोचले?