पत्रलेखन : परीक्षेसाठी 'कमवा व शिका'चे काम सोडताना लिहायचे पत्र



पत्रलेखनात आपण रजेचा अर्ज, मागणीपत्र, तक्रारपत्र असे प्रकार शिकतो. आज जरा वेगळं पत्र पाहू. कॉलेजात 'कमवा व शिका' योजनेत काम करणाऱ्या मुलामुलींना हे पत्र कधी ना कधी लिहावं लागतं. परीक्षा जवळ आली, काम आणि अभ्यास दोन्ही झेपत नाहीत, म्हणून काम सोडायचं आहे. मग ते कसं लिहायचं?

हा विषय मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे सुचला. चौथीत ती माझ्या वर्गात होती. आता वाशिमच्या एका महाविद्यालयात बी. ए. भाग 2 ला आहे. गावाहून एस. टी. ने येणं-जाणं करते आणि तास संपले की ग्रंथालयात रोज दोन तास काम करते. परत आलेली पुस्तकं क्रमांकानुसार कपाटात लावणं, फाटलेल्या पुस्तकांना डकवणं, देवघेवीच्या नोंदवहीत नोंदी करणं, असं ते काम. फेब्रुवारीच्या शेवटी ती घरी आली आणि हातात कागद दिला.

"सर, पत्र तर लिहिलं, पण देऊ का नको तेच समजून नाही राहिलं. बाबा म्हणतात, त्यांनी गरजेच्या वेळी काम दिलं, आता कोणत्या तोंडानं सोडशील?"

तिनं लिहिलं होतं ते असं :

"मी कमवा व शिका योजनेत काम करत आहे. परीक्षा जवळ आल्यामुळे मला वेळ मिळत नाही. कामाचा खूप त्रास होतो. तरी मला उद्यापासून कामावरून काढून टाकावे ही नम्र विनंती."

चार वाक्यांत चार चुका आहेत. पण त्याआधी तिच्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर पाहू.

काम सोडणं म्हणजे उपकार विसरणं का?

'कमवा व शिका' हे नाव घेतलं की कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. त्यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. तिथे वेगवेगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहायची, स्वतः काम करायची आणि शिकायची. पैसे नाहीत म्हणून शिक्षण थांबू नये, पण मुलाला कोणापुढे हातही पसरावा लागू नये, असा त्यामागचा विचार. आज अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत याच नावानं योजना चालते. म्हणजे कमाई शिक्षणासाठी आहे. शिक्षणच मागं पडत असेल, तर काम थांबवणं हे योजनेच्या विरुद्ध नाही. मी तिच्या बाबांना एवढंच सांगितलं, "काम सोडण्यात लाज नाही, पण न सांगता सोडण्यात आहे."

हे मी अनुभवावरून सांगतो. डी. एड. ला असताना मी वाचनालयात असंच काम करायचो. परीक्षा आली आणि मी सरळ जाणं बंद केलं. कोणाला सांगितलं नाही, कागद दिला नाही. हजेरीपत्रकावर शेवटच्या दिवसांच्या सह्या राहिल्या आणि त्या महिन्याचं मानधन अडकलं. पुढच्या सत्रात पुन्हा काम मागायला गेलो, तर नाव आधीच कापलेलं होतं. चूक माझीच होती.

लिहिण्याआधी हिशोब करा

पत्र लिहिण्याआधी आम्ही दोघांनी कागदावर वेळ मांडली. काम रोज दोन तासांचं. पण त्या दोन तासांमुळे तिची दुपारची गाडी चुकते. पुढची गाडी संध्याकाळी, त्यामुळे घरी पोचेपर्यंत अंधार होतो. म्हणजे कामाचे दोन तास असले, तरी अभ्यासाचे जवळजवळ चार तास जातात.

मी विचारलं, "दोनाऐवजी एकच तास मागितला तर?" तिनं लगेच सांगितलं, "सर, एक तास थांबलं तरी गाडी जातेच." म्हणून तिच्यासाठी तास कमी करून काही उपयोग नव्हता. पण तुम्ही वसतिगृहात किंवा शहरातच राहत असाल, तर आधी तास कमी करून मागा. मानधन पूर्ण बंद होणार नाही.

मग पैशांचं पाहिलं. मानधनातून तिचा एस. टी. पास आणि परीक्षेचं शुल्क निघायचं. परीक्षेचा फॉर्म भरून झाला होता. फेब्रुवारीचं मानधन मिळालं की मार्च-एप्रिलचा पास निघत होता. म्हणून ठरलं, मार्चच्या मध्यापर्यंत काम करायचं आणि मग थांबायचं. उन्हाळी परीक्षा एप्रिलमध्ये, तेव्हा अभ्यासाला महिनाभर मिळतो आणि ग्रंथालयालाही दुसरा विद्यार्थी शोधायला दोन आठवडे मिळतात.

चार चुका

पहिली चूक 'काढून टाकावे' या शब्दांत आहे. काढून टाकतात ते चूक केलेल्याला. आपण स्वतःहून थांबतोय. 'राजीनामा' हा शब्दही इथे जड होतो, तो नोकरीला किंवा पदाला शोभतो. कार्यालयीन मराठीत यासाठी नेमका शब्द आहे 'कार्यमुक्त'. 'मला कार्यमुक्त करावे' म्हटलं की कोणाचाच दोष निघत नाही.

दुसरी चूक 'कामाचा त्रास होतो'. वाचणाऱ्याला ही तक्रार वाटते. ग्रंथपालांनी काही त्रास दिला का, असा प्रश्न उभा राहतो. खरंच तक्रार असेल, तर तिचं पत्र वेगळं लिहावं. या पत्रात ती मिसळू नये.

तिसरी चूक 'उद्यापासून'. शेवटचा दिवस कोणता, हे पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. हजेरी, मानधन आणि बदली विद्यार्थी, तिन्ही त्या तारखेवर ठरतात. ती तारीख पुढची असावी आणि स्पष्ट असावी.

चौथी चूक म्हणजे कारण मोघम आहे. 'वेळ मिळत नाही' असं तर कोणीही लिहील. मी खोदून विचारलं तेव्हा तिनं खाली मान घालून सांगितलं, हिवाळी परीक्षेत एक विषय राहिला होता. तो आणि या सत्राचे सगळे विषय तिला आता एकदम द्यायचे आहेत. हे लिहायची तिला लाज वाटत होती. मी म्हटलं, "हेच तर खरं कारण आहे. कोणता विषय, किती गुण, हे नको सांगू. 'मागील सत्रातील एका विषयासह' एवढे शब्द पुरे."

सुधारलेलं पत्र

दिनांक : 1 मार्च 2025

प्रति,
मा. प्राचार्य,
क. ख. ग. महाविद्यालय,
वाशिम.

मार्फत : मा. समन्वयक, कमवा व शिका योजना

विषय : परीक्षेच्या अभ्यासासाठी कमवा व शिका योजनेतील कामातून कार्यमुक्त करण्याबाबत.

महोदय,

मी बी. ए. भाग 2 (सत्र 4) ची विद्यार्थिनी असून कमवा व शिका योजनेअंतर्गत ग्रंथालयात रोज दोन तास काम करते. या उन्हाळी परीक्षेत मला मागील सत्रातील एका विषयासह सर्व विषयांची परीक्षा द्यायची आहे. मी रोज गावाहून ये-जा करत असल्याने काम व अभ्यास या दोन्हींना पुरेसा वेळ देणे शक्य होत नाही. तरी मला शनिवार, दि. 15 मार्च 2025 रोजीच्या कामानंतर कार्यमुक्त करावे, ही विनंती.

माझे फेब्रुवारी महिन्याचे 44 तास हजेरीपत्रकात नोंदवलेले आहेत. 1 ते 15 मार्चच्या कामाची नोंद शेवटच्या दिवशी पूर्ण करून ग्रंथपालांची सही घेईन. माझ्याकडील नोंदवही व कपाटाची किल्ली त्याच दिवशी जमा करीन. नवीन विद्यार्थ्यास काम समजावून देण्यास मी तयार आहे.

या कामाचा मला शिक्षणासाठी मोठा आधार झाला. पुढील शैक्षणिक वर्षात योजनेत जागा असल्यास माझा विचार व्हावा.

आपली विद्यार्थिनी,
अ. ब. क.
बी. ए. भाग 2

प्रत : मा. ग्रंथपाल

पत्र नीट वाचा

44 तास कुठून आले? फेब्रुवारी 2025 चे 28 दिवस. त्यातून चार रविवार, शिवजयंती आणि महाशिवरात्र वजा केले की 22 दिवस उरतात. रोज दोन तास, म्हणून 44. मार्चमध्ये 15 तारखेपर्यंत दोन रविवार आणि धुळवडीची सुट्टी सोडून 12 दिवस, म्हणजे 24 तास होतात. पण 1 तारखेच्या पत्रात 24 तास लिहायचे नाहीत, कारण ते काम अजून व्हायचं आहे. केलेल्या कामाचा आकडा लिहावा, होणाऱ्या कामाची फक्त तारीख लिहावी. आणि आकडा लिहिण्याआधी तो हजेरीपत्रकाशी ताडून पाहावा. एखाद्या दिवशी गैरहजर असलो आणि पत्रात पूर्ण तास लिहिले, तर सगळ्या पत्रावरचाच विश्वास जातो.

आभाराचं वाक्य एकच आहे, तेही खरं आहे. 'आपले उपकार जन्मभर विसरणार नाही' असं लिहायची गरज नाही. तिनं घाम गाळून मानधन मिळवलं आहे. शेवटची ओळ मात्र विसरू नका. ती नसेल, तर आपण कायमचं सोडलं असं समजलं जातं.

पत्र देण्याआधी ग्रंथपालांना तोंडी सांगा. ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्यांना ही गोष्ट कागदावरून कळू नये. पत्राच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेवा. याला पोच म्हणतात. पुढे मानधनाची विचारणा करायची वेळ आली, तर हीच पोच कामी येते.

ती सोमवारी पत्र घेऊन गेली. संध्याकाळी फोन आला. "सर, ग्रंथपाल मॅडमनं सही केली. म्हणे, 15 नंतर वाचायला येत जा, दुपारच्या गाडीपर्यंत खिडकीजवळची जागा तुझी."

स्वाध्याय

1. 'काढून टाकणे', 'राजीनामा देणे' आणि 'कार्यमुक्त होणे' यांतील फरक प्रत्येकी एका वाक्यात लिहा.
2. तुम्ही वसतिगृहात राहता आणि महाविद्यालयाच्या बागेत रोज दोन तास काम करता. परीक्षेपर्यंत एकच तास काम मिळावे, अशी विनंती करणारे पत्र लिहा.
3. चालू महिन्याचं कॅलेंडर घ्या. रविवार व सुट्ट्या वजा करून रोज दोन तासांप्रमाणे किती तास होतात ते काढा.