विहिरीच्या पाण्यातलं शिसं मोजताना

वर्धा जिल्ह्यातल्या विहिरीच्या पाण्यात शिसं किती, असा प्रश्न घेऊन जो कोणी एएएस यंत्रासमोर बसेल, त्याला माझं पहिलं सांगणं असं की यंत्राने दाखवलेल्या आकड्यावर लगेच सही करू नये. यंत्र बिघडलेलं नसतं, बाटल्या स्वच्छ असतात, मानक द्रावणांची रेषा शाळेच्या पुस्तकातल्यासारखी सरळ येते, आणि तरीही आकडा चुकलेला असू शकतो. कारण ती रेषा शुद्ध पाण्यात नायट्रिक आम्ल घालून केलेल्या द्रावणांवर काढलेली असते, आणि आपला नमुना आलेला असतो काळ्या दगडातून. जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टवर आहे. त्या खडकात मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन विहिरीत उतरतं. गावठाणातल्या विहिरीत त्यात सांडपाण्याचं क्लोराइड आणि नायट्रेट मिसळतं. आंघोळीला साबणाचा फेस न होऊ देणारं, भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरणारं हे जड पाणी आपण रोज पाहतो. यंत्राच्या आत तेच पाणी शिशाचा आवाज दाबून टाकतं, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही.

आधी मोजमापाचा आवाका पाहू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. हवा-ॲसिटिलीनच्या ज्योतीवर चालणारं साधं एएएस इतकं कमी शिसं भरवशाने दाखवू शकत नाही. त्याची क्षमता जिथे संपते, साधारण तिथेच आपली मर्यादा येते. म्हणून ग्राफाइट फर्नेस वापरावी लागते. ग्राफाइटच्या छोट्या नळीत नमुन्याचे २० मायक्रोलिटर टाकतात. नळी विजेने तापते: आधी शंभर-सव्वाशे अंशांवर पाणी वाळतं, मग काहीशे अंशांवर क्षार आणि सेंद्रिय पदार्थ शक्य तितके जाळून घालवतात, आणि शेवटी दीड हजार अंशांच्या वर एका क्षणात शिशाचे अणू मोकळे होतात. शिशाच्याच दिव्यातून आलेला २८३.३ नॅनोमीटरचा प्रकाश हे अणू जितका शोषतात, तितकं शिसं. अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात या पद्धतीचा पाया घातला. प्रत्येक धातू फक्त आपलाच प्रकाश शोषतो, म्हणून पद्धत इतर पदार्थांच्या लुडबुडीपासून मुक्त राहील अशी तेव्हा मोठी आशा होती. दुसऱ्या धातूचा प्रकाश मध्ये येत नाही, इथपर्यंत ती खरी ठरली. पण शिशाचे किती अणू मोकळे होतील, हे सोबतचे क्षार ठरवतात, आणि गोम तिथेच आहे.

जड पाण्यात नेमकं काय होतं ते समजून घेतलं, तर पुढची सगळी काळजी आपोआप सुचते. मॅग्नेशियम क्लोराइड वाळताना पूर्ण कोरडं होत नाही. तापत जाताना ते आपल्यातल्या पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन क्लोराइड सोडतं. क्लोराइड हाताशी असलं की शिसं त्याच्याशी जोडी करतं, आणि लेड क्लोराइड बाष्पशील असल्यामुळे पाचशे अंशांच्या आसपासच नळीतून निसटू लागतं. म्हणजे मोजणी सुरू होण्याआधीच थोडं शिसं धुराबरोबर जातं. जे उरतं, त्यातलंही काही शेवटच्या पायरीला वायुरूप क्लोराइड म्हणून बांधलेलं राहतं, आणि बांधलेलं शिसं २८३.३ चा प्रकाश शोषत नाही. यावर उपाय आहेत. नमुना नायट्रिक आम्लानेच आम्लयुक्त करावा, हायड्रोक्लोरिकने कधीही नाही. सोबत पॅलेडियम व मॅग्नेशियम नायट्रेट, किंवा अमोनियम फॉस्फेट घालावं, म्हणजे शिसं जास्त तापमानापर्यंत नळीत टिकतं आणि क्लोराइड आधी घालवता येतं. हे केलंच पाहिजे. पण त्याने दाब कमी होतो, प्रत्येक विहिरीसाठी शून्य होईलच असं नाही, कारण प्रत्येक विहिरीतला क्षारांचा भार वेगळा.

आता आकडे मांडून पाहू; हे हिशोब समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही गावाचे नाहीत. शुद्ध आम्लपाण्यातल्या मानक द्रावणांवर रेषेचा चढ असा मिळाला, की लिटरला १ मायक्रोग्रॅम शिशामागे ०.००३० एवढं शोषण. २५ मिलीच्या तीन फ्लास्कमध्ये विहिरीचं प्रत्येकी २० मिली पाणी घेतलं. पहिल्यात काही घातलं नाही, दुसऱ्यात १० आणि तिसऱ्यात २० मायक्रोग्रॅम प्रति लिटर होईल इतकं शिसं घातलं. लिटरला १ मिलिग्रॅम शिसं असलेल्या द्रावणाचे त्यासाठी २५० आणि ५०० मायक्रोलिटर पुरतात. मग तिन्ही फ्लास्क आम्लपाण्याने खुणेपर्यंत भरले, म्हणजे विहिरीचे क्षार तिन्हींत सारखेच राहिले. कोरं द्रावण वजा करून वाचनं आली ०.०१६८, ०.०३४८ आणि ०.०५२८. पहिल्या वाचनाला नुसत्या शुद्ध पाण्याच्या चढाने भागलं तर ५.६ येतात, आणि २० चे २५ मिली केले म्हणून १.२५ ने गुणलं की ७.० मायक्रोग्रॅम. पाणी पास. पण घातलेल्या शिशाकडे पाहा. १० मायक्रोग्रॅमने वाचन ०.०१८० ने वाढलं. शुद्ध पाण्यात ते ०.०३०० ने वाढायला हवं होतं. म्हणजे या पाण्यात चढ ०.००१८ च आहे, साठ टक्के. आपण घातलेलं शिसं जितकं दबलं, तितकंच विहिरीतलं मूळ शिसंही दबलं असणार. ०.०१६८ ला ०.००१८ ने भागलं की ९.३, आणि १.२५ ने गुणलं की ११.७. तेच पाणी आता मर्यादेबाहेर गेलं. ही मानक-मिलावट पद्धत. तीन बिंदूंतून जाणारी रेषा मागे वाढवून ती जिथे शून्य शोषणाला छेदते, तिथला आकडा म्हणजे फ्लास्कमधलं शिसं. शेवटचा १.२५ चा गुणाकार विसरला तर उत्तर ९.३ राहतं आणि पाणी पुन्हा पास होतं. सगळी मेहनत करून शेवटच्या ओळीत हरण्याची ही जागा आहे, म्हणून नोंदवहीत तो गुणक आधीच लिहून ठेवावा.

इथे कोणी म्हणेल, आमच्याकडे प्रमाणित संदर्भ नमुना आहे, तो दर खेपेला बरोबर येतो, मग शंका कशाला? तो बरोबर येतो, कारण पाण्याचे असे बरेच नमुने जवळजवळ शुद्ध आम्लपाण्यातच बनवलेले असतात. यंत्र, दिवा, पिपेट आणि मानक द्रावण ठीक आहेत, हे त्याने सिद्ध होतं. गावठाणातल्या विहिरीच्या पाण्यात शिसं किती दबतं, याबद्दल तो काही बोलू शकत नाही. दुसरा आक्षेप पातळ करण्याचा: पाणी दसपट पातळ करा, क्षारही दसपट घटतील. जिथे शिसं भरपूर आहे तिथे हा उत्तम मार्ग आहे. पण ज्या निर्णयावर सारं अवलंबून आहे तो १० मायक्रोग्रॅमच्या काठावरचा आहे, आणि दसपट पातळ केल्यावर १ मायक्रोग्रॅम मोजायचं म्हणजे फर्नेसच्या क्षमतेच्या तळाशी जाऊन बसणं. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: एका नमुन्यामागे तीन-चार फ्लास्क, प्रत्येकाचे दोन-तीन तापवण्याचे फेरे, प्रत्येक फेरा दोन-तीन मिनिटांचा, आणि ग्राफाइटची नळी काही शे फेऱ्यांनंतर बदलावी लागते. पावसाळ्यानंतर शेकडो नमुने येतात तेव्हा हे कसं जमायचं? सगळ्यांवर करायची गरज नाही, हे त्याचं उत्तर. प्रत्येक नमुन्यात फक्त एकदा १० मायक्रोग्रॅम मिसळून किती परत मिळतात ते पाहावं. ८५ ते ११५ टक्क्यांत आलं आणि मूळ वाचन मर्यादेपासून बरंच दूर असलं, तर सरळ रेषेचा आकडा चालेल. त्याच्या बाहेर गेलं, किंवा उत्तर ७ ते १४ च्या पट्ट्यात आलं, तर पूर्ण मानक-मिलावट करावी. एका विहिरीचा चढ शेजारच्या विहिरीला लावण्याचा मोह टाळावा. एकाच गावात विद्युतवाहकता दुपटीने बदलू शकते.

मात्र मानक-मिलावटीवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यालाही मी तितक्याच आग्रहाने अडवीन. वाण्याच्या तराजूत दोन वेगळ्या खोटी असू शकतात: वजनच कमी भरणारं असेल, किंवा पारड्याच्या खाली चिंच चिकटवलेली असेल. मानक-मिलावट पहिली खोट पकडते, दुसरी पकडत नाही. फर्नेसमध्ये क्षारांचा धूर उठतो, तो प्रकाश विखुरतो, आणि पार्श्वभूमीची दुरुस्ती अपुरी पडली तर त्यातला थोडा भाग शिशाच्या नावावर चढतो. वरच्याच उदाहरणात प्रत्येक वाचनात ०.००४५ एवढा धूर उरला असं समजा. तिन्ही बिंदू सारखेच वर सरकतील, रेषा तशीच सुरेख सरळ राहील, मिसळलेलं शिसं तितकंच परत मिळेल, आणि उत्तर ११.७ ऐवजी १४.८ येईल. रेषेकडे पाहून ही चूक कधीच कळत नाही. ती कळते पडद्यावरचा पार्श्वभूमीचा आलेख वेगळा उघडून पाहिल्यावर: शिशाच्या शिखराच्या नेमक्या वेळेला तोही उंच उसळत असेल, तर जाळण्याची पायरी वाढवावी. दुसरी तपासणी २१७.० नॅनोमीटरच्या रेषेवर करावी. दोन्ही तरंगलांबींना पार्श्वभूमी वेगळी असते, त्यामुळे दोन्हीकडे उत्तर जुळलं तर धूर उरलेला नाही असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. झीमन दुरुस्ती असलेलं यंत्र इथे ड्यूटेरियम दिव्याच्या यंत्राहून बरंच भरवशाचं आहे, आणि खरेदीच्या वेळी हा फरक किमतीत पाहून सोडू नये.

आणखी एक मर्यादा आपल्या काळ्या मातीमुळे येते. आपण मिसळतो ते शिसं विरघळलेलं असतं. पावसाळ्यातल्या गढूळ विहिरीतलं शिसं मातीच्या कणांना धरून बसलेलं असू शकतं. कण नळीत नीट शिरलेच नाहीत, किंवा बाटलीच्या तळाशी बसले, तर मिसळलेलं शिसं शंभर टक्के परत मिळेल आणि मूळ शिसं तरीही हिशोबात येणार नाही. म्हणून गढूळ नमुना आधी नायट्रिक आम्लात तापवून पचवावा, मग मिलावट करावी. आणि मिलावट पचवण्याआधी केली की नंतर, हेही नोंदवावं, कारण आधी केलेली मिलावट पचवतानाची गळतीही दाखवते. घातलेलं शिसं मूळ शिशाच्या एक ते दोनपट असावं. फार कमी घातलं तर चढच नीट कळत नाही. फार जास्त घातलं तर वरचा बिंदू रेषेच्या वाकलेल्या भागात जातो, चढ खोटा सपाट येतो, आणि मागे वाढवलेली रेषा खऱ्यापेक्षा जास्त शिसं सांगते.

अहवालात ११.७ असा एकटा आकडा लिहू नये. रेषा मागे वाढवून काढलेल्या उत्तराची अनिश्चितता दोन बिंदूंच्या मधल्या वाचनापेक्षा नेहमी जास्त असते. समजा ती दोन्ही बाजूंना १.५ निघाली, तर खालचं टोक १०.२ वर येतं आणि पाणी मर्यादेबाहेर आहे असं ठामपणे म्हणता येतं. ती २.५ निघाली तर म्हणता येत नाही. तेव्हा त्याच विहिरीचं पाणी पुन्हा, एकदा सकाळी पंप सुरू होताच आणि एकदा पाच-दहा मिनिटं वाहू दिल्यानंतर आणवावं. पहिल्यात शिसं जास्त आणि दुसऱ्यात कमी आलं, तर शोध खडकात न करता नळाच्या पितळी तोट्या, जुने सांधे आणि पाइप यांच्यापासून सुरू करावा.